चार कारागीर आणि नवखे गिऱ्हाईक

विकत घेतलेल्या वस्तूच्या किंवा सेवेच्या गुणवत्तेची खात्री गिऱ्हाइकाला नेमकी कधी पटते, या प्रश्नाचा अर्थशास्त्रात पद्धतशीर विचार सुरू झाला तो १९७० च्या सुमारास. फिलिप नेल्सन या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने १९७० मध्ये मालाचे दोन प्रकार पाडले. काही माल घेण्यापूर्वीच पाहून, चाचपून पारखता येतो, तर काहींचा गुण वापरल्यावरच कळतो. पुढे १९७३ मध्ये मायकेल डार्बी आणि एडी कार्नी यांनी त्यात तिसऱ्या प्रकाराची भर घातली. या प्रकारात वापर झाल्यानंतरही गिऱ्हाइकाला खरे काय ते कळत नाही, कारण काय बिघडले होते हे सांगणारा आणि ते दुरुस्त करून पैसे घेणारा माणूस एकच असतो आणि त्याचे निदान तपासण्याइतके ज्ञान गिऱ्हाइकाजवळ नसते. अशा सेवांना येथे ‘विश्वासाधीन सेवा’ म्हटले आहे. बंद पडलेले यंत्र पुन्हा चालू झाले, एवढेच गिऱ्हाइकाला दिसते. ते चालू करण्यासाठी तीन हजारांचा भाग खरोखर लागला होता की शंभर रुपयांच्या भागाने भागले असते, हे त्याला कधीच दिसत नाही.

नव्या वस्तीत राहायला गेलेल्या कुटुंबाला लवकरच ज्या चार कारागिरांची गरज पडते, ते या मोजपट्टीवर चार वेगवेगळ्या ठिकाणी बसतात. शिंप्याचे काम अंगात घालून आरशासमोर उभे राहिले की कळते. पादत्राणे शिवणाऱ्याचे काम महिना-दोन महिन्यांच्या चालण्यानंतर कळते. वायरमनचे काम वर्षानुवर्षे कळत नाही आणि कळते तेव्हा कधी कधी फार उशीर झालेला असतो. घरगुती उपकरणे दुरुस्त करणाऱ्याचे काम मात्र बहुतेकांना अखेरपर्यंत कळतच नाही. त्यामुळे ‘चांगला माणूस सुचवा’ हा एकच प्रश्न चौघांसाठी सारख्याच अर्थाने विचारता येत नाही. प्रत्येकाची पारख निराळ्या जागी आणि निराळ्या वेळी करावी लागते.

नवखेपणाची किंमत मोजावी लागते, याला एका प्रयोगाचाही आधार आहे. बालाफुटास, बेक, केर्शबामर आणि सुटर या संशोधकांनी ग्रीसची राजधानी अथेन्स येथे टॅक्सीचालकांवर केलेला प्रयोग २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. शहराची माहिती असलेले, माहिती नसलेले ग्रीक आणि परदेशी वाटणारे अशा तीन प्रकारच्या प्रवाशांच्या भूमिका घेऊन माणसे टॅक्सीत बसवली गेली, तेव्हा शहर ठाऊक नसल्याचे जाणवलेल्या प्रवाशांना अधिक लांबच्या वाटेने नेले गेले आणि परदेशी वाटणाऱ्यांच्या भाड्याच्या हिशेबात अधिक वेळा गैरप्रकार झाला. दुरुस्तीच्या व्यवहारात नवखे गिऱ्हाईक त्या प्रवाशाच्याच जागी असते. फरक एवढाच की टॅक्सीचालकाला तो प्रवासी पुन्हा भेटणार नसतो, वस्तीतल्या कारागिराला मात्र गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा भेटू शकते. म्हणूनच पहिल्या भेटीत भावावर घासाघीस करण्यापेक्षा आपण कोणत्या सोसायटीत, कोणत्या विंगमध्ये, किती काळासाठी आलो आहोत आणि आपल्याला कोणी पाठवले, हे कारागिराला कळू देणे अधिक फायद्याचे ठरते. ज्याच्या ओळखीने गिऱ्हाईक आले, त्याच्यासमोरही कारागिराला आपला शब्द राखावा लागतो.

अर्थात ओळख कोणाकडून काढावी, यालाही महत्त्व आहे. नव्याने आलेली माणसे बहुधा प्रवेशद्वारावरच्या सुरक्षारक्षकाला विचारतात. त्याच्याकडे नंबर असतात हे खरे, पण एखाद्या नंबरामागे त्याला थोडीफार दलाली मिळत असण्याची शक्यता असते आणि शिवाय त्याने ते काम स्वतः पाहिलेले नसते. त्याऐवजी ज्याच्या हातून त्या कामाचे परिणाम रोज जातात, त्याला विचारावे. शिंप्याबद्दल इस्त्रीवाल्याइतका उत्तम साक्षीदार दुसरा नाही, कारण वस्तीतल्या शेकडो कपड्यांच्या शिवणी तो आतून-बाहेरून उलटवून पाहत असतो आणि कोणाच्या शिवणीची पाण्यातून निघाल्यावर चुणी पडते, हे त्याला न विचारताही ठाऊक असते. वायरमनबद्दल इलेक्ट्रिकच्या सामानाच्या दुकानदाराला विचारावे. मात्र ‘चांगला कोण’ असे न विचारता ‘तुमच्या स्वतःच्या घरी कोण येतो’ असे विचारावे. उपकरणांच्या बाबतीत सुटे भाग विकणारे दुकान उपयोगी पडते. पुण्यातील तपकीर गल्ली किंवा मुंबईतील लोहार चाळ यांसारख्या विजेच्या सामानाच्या बाजारांत नियमित येणारे कारागीर दुकानदारांच्या ओळखीचे असतात आणि कोण नेहमी चांगल्या दर्जाचा भाग मागतो व कोण सर्वांत स्वस्त असेल तोच उचलतो, हे काउंटरवरच्या माणसाला नेमके ठाऊक असते.

शिंप्याची पारख चौघांत सर्वांत सोपी, तरीही तिच्यात एक चूक सर्रास होते, ती म्हणजे पहिले काम म्हणून लग्नातल्या पैठणीचा ब्लाउज देण्याची. पहिले काम असे असावे की ते बिघडले तरी फारसे नुकसान होऊ नये आणि त्यातून हात मात्र ओळखता यावा. साध्या सुती साडीला फॉल लावून पिको करणे हे या दृष्टीने आदर्श काम आहे. फॉल म्हणजे निऱ्यांना भार यावा आणि काठ झिजू नये म्हणून साडीच्या खालच्या बाजूला आतून लावलेली सुती पट्टी. ही पट्टी कोरी असताना पाण्यात टाकली की आटते; म्हणून जाणता कारागीर ती लावण्यापूर्वी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घेतो. न भिजवता लावली, तर पहिल्याच धुण्यानंतर फॉल आकसतो, साडी आहे तेवढीच राहते आणि सगळ्या काठाला सुरकुत्या पडतात. ‘फॉल भिजवून लावता ना?’ या एका प्रश्नाचे उत्तर कसे मिळते, यावरूनही बरेच कळते. काम हाती आल्यावर साडी उलटी न करता तिच्या सुलट बाजूकडून पाहावे. हाताने घातलेले टाके सुलट बाजूला जेमतेम बिंदूएवढे दिसावेत आणि दोऱ्याचा रंग काठाशी जुळलेला असावा.

दुसरे काम साध्या कापडाचा ब्लाउज. येथे शिंप्याच्या चुकांमध्ये फरक करता आला पाहिजे, कारण काही चुका दुरुस्त होतात आणि काही होत नाहीत. ब्लाउज छातीत किंवा दंडात थोडा घट्ट झाला, तर ती पहिल्या मापाची साधी चूक आहे आणि बाजूच्या शिवणीत ‘माया’ ठेवलेली असेल तर ती पाच मिनिटांत सुधारते. माया म्हणजे शिवणीच्या आत राखून ठेवलेले जादा कापड. ब्लाउज उलटा करून बाजूच्या शिवणीत निदान एक इंच माया आहे का, हे पाहणे ही शिंप्याच्या दूरदृष्टीची सरळ मोजणी आहे. मुंढ्याचे, म्हणजे बाही जिथे धडाला जोडली जाते त्या वळणाचे, तसे नाही. काखेत काचते अशी तक्रार होऊ नये म्हणून कच्चा शिंपी मुंढा खोल कापतो. मग हात वर उचलला की सगळा ब्लाउजच कमरेपासून वर ओढला जातो. ही चूक माया असूनही सुधारत नाही, कारण कापून टाकलेले कापड परत येत नाही. म्हणून पहिला ब्लाउज घालून पाहताना आरशासमोर स्तब्ध उभे राहण्यापेक्षा फळीवरचा डबा काढल्यासारखा हात वर करून पाहावे. घट्टपणाची चूक करणाऱ्या शिंप्याला दुसरी संधी द्यावी. चांगल्या शिंप्यालाही नवे अंग समजायला एक-दोन कपडे लागतात आणि सुधारलेले माप तो आपल्या वहीत नोंदवून ठेवतो. खोल मुंढा कापणाऱ्याकडे मात्र पैठणी नेण्यात अर्थ नाही.

हे सगळे दिवाळीच्या आधीच्या महिन्यात किंवा ऐन लग्नसराईत करू नये. त्या दिवसांत उत्तम शिंपीही काम बाहेरच्या कारागिरांना वाटून देतो आणि पारख होते ती भलत्याच हाताची.

पादत्राणे दुरुस्त करणाऱ्या कारागिरांना महाराष्ट्राच्या शासकीय व्यवहारात ‘गटई कामगार’ म्हणतात आणि त्यांना रस्त्याकडेला बसण्यासाठी पत्र्याचे स्टॉल देण्याची राज्य शासनाची योजना आहे. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने या स्टॉलचा अर्थ असा की हा माणूस उद्याही येथेच सापडेल. नव्या उपनगरांत, जिथे सोसायट्यांच्या भिंती लांबच लांब आणि पदपथ अपुरे असतात, तिथे असा स्टॉल शोधायला जवळच्या जुन्या गावठाणातल्या मंडईपर्यंत किंवा बसस्थानकापर्यंत जावे लागते. तरीही फिरत्या कारागिरापेक्षा ती पायपीट परवडते, कारण चिकटवलेला तळ उखडलाच तर तक्रार घेऊन जायला जागा असते.

पारखण्याजोगे काम म्हणजे सुटलेला तळ. येथे गिऱ्हाइकाने दहा-पंधरा मिनिटे उभे राहून काम पाहावे, कारण चांगले आणि वाईट चिकटवणे दुसऱ्या दिवशी अगदी सारखे दिसते. नीट करणारा कारागीर आधी जुन्या सोल्यूशनची साल खरवडून काढतो, मग दोन्ही पृष्ठभाग कानशीने खरखरीत करतो, दोन्ही बाजूंना सोल्यूशनचा पातळ थर देतो आणि पुढे काही मिनिटे काहीच करत नाही. गिऱ्हाइकाला ही वेळ वाया गेल्यासारखी वाटते, पण खरे काम त्यातच होत असते. सोल्यूशनमधला द्रव उडून जाऊन थर बोटाला जेमतेम चिकट लागू लागल्यावरच दोन्ही भाग एकमेकांवर ठेवून ठोकायचे असतात. ओले असतानाच दाबले तर द्रव आत अडकतो आणि जोड मऊ राहतो. एकाच बाजूला सोल्यूशन लावून लगेच दाबणारा, किंवा वर दोन चुका मारून मोकळा होणारा कारागीर घाईत आहे एवढेच नव्हे, तर हे काम पावसाळ्यापर्यंत टिकणार नाही, हेही त्याला ठाऊक असते.

प्रामाणिकपणाची परीक्षा मात्र वेगळ्याच बुटात होते. हलक्या क्रीडाबुटांचे आणि अनेक सँडलांचे तळ पॉलियुरेथेन या फेसाळ पदार्थाचे असतात आणि दमट हवेत काही वर्षे पडून राहिल्यावर तो पदार्थ स्वतःच विघटित होऊन भुगा होऊ लागतो. बूट फारसे वापरलेले नसले तरीही असे होते आणि कोकणपट्टीत ते लवकर होते. अशा तळाला कोणतेही सोल्यूशन धरत नाही, कारण चिकटायला पृष्ठभागच शिल्लक नसतो. नखाने खरवडल्यावर तळाचा चुरा निघत असेल, तर ‘हे चिकटणार नाही, तळच बदलावा लागेल, किंवा बूटच टाका’ असे सांगणारा माणूस आपल्या पन्नास रुपयांवर पाणी सोडतो आहे. त्याच्याकडे पुढे महागडे बूट निःशंक न्यावेत.

येथपर्यंत चुकीची किंमत एका ब्लाउजाएवढी किंवा एका बुटाएवढी असते. वायरमनच्या कामात तसे नाही. शिवाय त्याचे काम भिंतीआड जाते, म्हणून तो निवडताना कायदा, कागद आणि चाचणी या तिन्हींचा आधार घ्यावा लागतो. वीज सुरक्षाविषयक नियमांनुसार दिवे, पंखे, फ्यूज, स्विच यांसारख्या वस्तू होत्या तशाच बदलण्यापलीकडचे, म्हणजे मांडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलणारे कोणतेही काम परवानाधारक विद्युत कंत्राटदारामार्फत आणि परवाना असलेल्या माणसांकडूनच करून घ्यायचे असते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये ‘वीजतंत्री’ आणि ‘तारतंत्री’ असे दोन स्वतंत्र अभ्यासक्रम आहेत. प्रत्यक्षात घरोघर येणाऱ्या कारागिरांपैकी अनेकांनी हे शिक्षण घेतलेले नसते आणि हात चालवतच ते शिकलेले असतात. बल्बचा होल्डर बदलायला त्याने काही बिघडत नाही. नवी गिझरची लाइन ओढायला बिघडते. त्यामुळे पहिल्याच फोनवर ‘परवाना आहे का, नसेल तर कोणाच्या परवान्याखाली काम करता’ हे विचारणे उद्धटपणाचे मानू नये. ज्याच्याकडे तो असतो, त्याला हा प्रश्न सहसा आवडतो.

चाचणीसाठी ज्याचे उत्तर गिऱ्हाइकाला आधीच ठाऊक आहे, असे काम द्यावे. छताचा पंखा पूर्वीपेक्षा मंद फिरू लागणे ही नव्या, विशेषतः भाड्याच्या घरात नेहमी आढळणारी तक्रार आहे आणि तिचे सर्वांत नेहमीचे कारण कपॅसिटर असते. कपॅसिटर म्हणजे पंख्याच्या मोटारीला फिरण्याची गती देणारा, विजेचा भार क्षणभर साठवणारा लहानसा भाग. जुन्या पद्धतीच्या मोटारीच्या छतपंख्यांत तो बहुधा अडीच मायक्रोफॅरडचा असतो, काळाबरोबर क्षीण होत जातो आणि शंभर रुपयांच्या आतबाहेर मिळतो. जो वायरमन पंखा हाताने ढकलून तो मोकळा फिरतो का, बेअरिंग घासते का हे आधी पाहतो, मग कपॅसिटर बदलून गती पाहतो आणि त्यानंतरच पुढचे बोलतो, त्याला निदानाचा क्रम कळतो. खालूनच पंख्याकडे पाहून ‘वाइंडिंग गेले, मोटार भरावी लागेल’ असे सांगणाऱ्याबद्दल जे कळायचे ते पंखा उतरवण्यापूर्वीच कळते. नव्या वीजबचतीच्या बीएलडीसी पंख्यांना ही कसोटी लागू नाही. त्यांच्या मोटारीचे नियंत्रण इलेक्ट्रॉनिक पाटीवर चालते.

यापेक्षा गंभीर परीक्षा वितरण पेटीपाशी होते. पेटीतले एमसीबी, म्हणजे ठरावीक मर्यादेपलीकडे प्रवाह गेला की आपोआप पडणारे स्विच, वारंवार पडत असतील तर वायरमन काय करतो, ते पाहावे. स्विच पडण्याची पद्धतच कारण सांगते. चालू करताच क्षणात पडला तर कुठेतरी तारा एकमेकींना भिडल्या आहेत. काही मिनिटे चालून पडला तर एका लाइनवर भार जास्त आहे. दोन किलोवॅटचा गिझर २३० व्होल्टवर सुमारे पावणेनऊ अँपिअर घेतो. त्याच लाइनवर मायक्रोवेव्ह आणि इस्त्री चालू केली तर सोळा अँपिअरचा एमसीबी पडणारच, आणि पडून तो आपले कामच करतो. योग्य उपाय म्हणजे गिझरला स्वतंत्र लाइन. कच्चा वायरमन मात्र सोळाचा एमसीबी काढून बत्तीसचा बसवतो. त्यानंतर स्विच पडत नाही आणि गिऱ्हाईक त्याचे आभार मानते. पण भिंतीतली अडीच चौरस मिलिमीटरची तार विसेक अँपिअरपर्यंतच सुरक्षित असते आणि आता तिला वाचवणारे कोणीच उरलेले नसते. एमसीबीचा आकडा वाढवायला तयार होणारा आणि तारेची जाडी न विचारणारा माणूस दुसऱ्यांदा बोलावू नये.

आरसीसीबीच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे. लोक ज्याला सवयीने ‘ईएलसीबी’ म्हणतात ते हे उपकरण गळतीचा प्रवाह ओळखते. घरगुती वापरात ते सामान्यतः तीस मिलिअँपिअरला पडते आणि विजेचा धक्का बसणाऱ्या माणसाचा जीव वाचवण्यासाठीच ते असते. गिझर चालू करताच ते पडत असेल, तर गिझरच्या तापणाऱ्या सळईचे आवरण फुटून वीज पाण्याकडे जात असण्याची दाट शक्यता असते. अशा वेळी ‘हे उगाच पडते’ म्हणून आरसीसीबीला बगल देऊन तारा सरळ जोडणारे लोक आहेत. ताबा घेतलेल्या घरात आधीच्या भाडेकरूने असे काही करून ठेवले आहे का, हे पाहायला वायरमनची गरज नाही. आरसीसीबीवर ‘टी’ असे लिहिलेले बटण असते. ते दाबल्यावर घरातली वीज बंद झाली पाहिजे. झाली नाही, किंवा काही खोल्यांत चालूच राहिली, तर नव्या वायरमनसाठी पहिले काम तेच. या बटणाने उपकरण चालते एवढेच कळते. अर्थिंग नीट आहे की नाही, ते स्वतंत्रपणे मोजून घ्यावे लागते.

आणखी एक खूण घरातल्या कोणालाही दिसण्यासारखी आहे. स्विच बंद असतानाही एलईडी दिवा मंद मिणमिणत राहिला, तर अनेकदा त्याचा अर्थ असा होतो की स्विच फेजच्या तारेवर न बसवता न्यूट्रलच्या तारेवर बसवला आहे, म्हणजे दिवा विझला तरी होल्डरमध्ये वीज आहे. स्विचवर लाल खुणेचा बारीक दिवा असेल तर हीच गोष्ट निरुपद्रवी कारणानेही घडते. नवा वायरमन ही तक्रार ऐकून टेस्टर काढतो की ‘बल्ब बदला’ म्हणतो, एवढे पाहिले तरी पुरते.

उपकरणांच्या दुरुस्तीत गिऱ्हाइकाचे अज्ञान सर्वांत जास्त आणि कारागिराचा मोहही सर्वांत जास्त असतो. या धंद्यातले सर्वांत फायदेशीर वाक्य म्हणजे ‘गॅस संपला’. फ्रिज आणि एसी यांतला शीतक, ज्याला लोक गॅस म्हणतात, तो तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या बंद नळ्यांतून फिरत राहतो. स्वयंपाकाच्या सिलिंडरसारखा तो वापरून संपत नाही. तो कमी झाला असेल, तर कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता गॅस भरणे म्हणजे ठरावीक महिन्यांनी पुन्हा येण्याची सोय करून ठेवणे. दर उन्हाळ्यात एसीत ‘थोडा गॅस टॉप-अप’ करून देणारा कारागीर त्यामुळे गिऱ्हाइकाला फार नियमित आणि तत्पर वाटतो.

एक उदाहरण तपशिलात पाहता येईल. समजा, वाकडच्या नव्या फ्लॅटमध्ये आणलेला दोन दारांचा फ्रॉस्ट-फ्री फ्रिज तीन आठवड्यांनी बिघडतो. वरच्या कप्प्यात बर्फ आणि आइस्क्रीम घट्ट राहते, पण खाली दूध नासते आणि भाजी मरगळते. फोनवरचा पहिला कारागीर ऐकताच सांगतो की गॅस भरावा लागेल. आता फ्रॉस्ट-फ्री फ्रिजची रचना लक्षात घेतली, तर हे निदान लगेच संशयास्पद ठरते. या फ्रिजमध्ये थंडी निर्माण करणारी नळ्यांची जाळी फक्त वरच्या कप्प्याच्या पाठीमागे असते आणि एक छोटा पंखा तिथली थंड हवा बोगद्यातून खाली ढकलतो. जाळीवर सतत हिम साचते. ते वितळवण्यासाठी काही तासांनी एक हीटर थोडा वेळ चालतो. हा हीटर, त्याचा तापमानदर्शक किंवा त्याला वेळ सांगणारा भाग बिघडला की हिम वाढत जाऊन हवेची वाट बुजते. वरचा कप्पा जाळीला खेटून असल्यामुळे थंड राहतो आणि खालच्याला काहीच मिळत नाही.

हे ताडून पाहण्यासाठी एकही हत्यार लागत नाही. फ्रिज रिकामा करून, प्लग काढून, दोन्ही दारे उघडी टाकून तो चोवीस तास तसाच ठेवावा आणि खाली जुनी फडकी पसरावीत. साचलेले हिम वितळून पाणी येते. नंतर चालू केल्यावर फ्रिज चार-आठ दिवस अगदी पूर्वीसारखा चालला आणि मग पुन्हा खालचाच कप्पा गरम झाला, तर दोष हिम वितळवणाऱ्या व्यवस्थेत आहे. गॅस कमी असता तर एका दिवसाच्या विश्रांतीने तो वाढला नसता. चालू केल्यापासूनच थंडी अपुरी पडली असती आणि कॉम्प्रेसर न थांबता धावत राहिला असता. चोवीस तासांनंतरही खाली हवाच येत नसेल, तर पंखा किंवा हवेची झडप पाहावी लागेल. एकाच दाराच्या, हाताने हिम वितळवाव्या लागणाऱ्या फ्रिजला ही चाचणी लागू पडत नाही, कारण त्यात हा पंखा आणि हीटर नसतातच.

अशी माहिती हाती घेऊन दुसऱ्या कारागिराला फोन केला की संभाषणाचा सूरच बदलतो. ‘फ्रिज थंड होत नाही’ असे न म्हणता ‘वर बर्फ होतो, खाली थंडी नाही, एक दिवस बंद ठेवल्यावर आठवडाभर नीट चालला’ असे सांगावे आणि पुढे गप्प राहावे. ज्याला काम येते, तो हीटर किंवा सेन्सरचे नाव स्वतःहून घेतो, मॉडेलचा क्रमांक विचारतो आणि येताना मल्टिमीटर आणतो. हीटरची तार तुटली आहे की नाही, हे मोजायला त्याला काही क्षण पुरतात. तरीही गॅसवरच अडून राहणाऱ्याला घरी बोलावण्याचे कारण उरत नाही.

गळती खरोखर असते तेव्हाही कामाची पद्धत पाहून माणूस ओळखता येतो. नीट दुरुस्तीत गळतीची जागा शोधून ती जोडली जाते, ओलावा धरणारा फिल्टर बदलला जातो, पंप लावून नळ्यांतली हवा आणि बाष्प काढले जाते आणि मग फ्रिजवरच्या लेबलावर छापलेल्या वजनाइतकाच गॅस काट्यावर तोलून भरला जातो. आजच्या अनेक फ्रिजमध्ये आर-६००ए हा ज्वलनशील शीतक असतो आणि त्याचे प्रमाण थोड्या ग्रॅमांतच असते, म्हणून ‘अंदाजाने’ भरलेला गॅस जवळजवळ नेहमीच चुकतो. पंप आणि काटा न आणता पंधरा मिनिटांत गॅस भरून देणाऱ्याने नेमके काय केले, हे त्यालाही सांगता येणार नाही.

ॲपवरून कारागीर बोलावणाऱ्यांनी तारांकनाकडे पाहताना सुरुवातीचे वर्गीकरण आठवावे. तारे देणारे गिऱ्हाईक माणूस वेळेवर आला का, बूट काढून आत आला का, नीट बोलला का, हे प्रामाणिकपणे सांगते. पण बदललेला भाग बदलायला हवा होता का, हे त्यालाही कळलेले नसते. त्यामुळे साफसफाई किंवा नळ बसवणे यासाठी तारांकन उपयोगी ठरते, फ्रिजच्या निदानासाठी फारसे नाही. शिवाय दर वेळी नवा माणूस येत असेल, तर पुन्हा भेटण्याचा जो धाक वस्तीतल्या कारागिराला असतो, तोही उरत नाही. इंटरनेटवर कंपनीच्या नावाने शोधून मिळालेला नंबर तर वापरूच नये. तिथे बनावट सेवा केंद्रांचे नंबर पेरलेले असतात. नंबर वॉरंटी कार्डावरचा किंवा कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचा घ्यावा. फसवणूक झालीच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. मात्र सातशे रुपयांच्या वादात त्या तक्रारीचा खरा आधार हाती असलेला कागद हाच असतो.

तो कागद म्हणजे बिल, आणि त्यावर काय लिहून घ्यायचे, हे काम सुरू होण्यापूर्वी बोलावे. भेटीचे शुल्क किती आणि दुरुस्ती झाल्यास ते एकूण रकमेत धरले जाईल का, बदललेल्या भागाचे नाव काय, भाग मूळ कंपनीचा आहे की इतर उत्पादकाचा, आणि हमी भागावर आहे की मजुरीवर. ‘तीन महिन्यांची गॅरंटी’ हे तोंडी वाक्य पुढे ‘तो बिघाड वेगळा होता’ यापाशी येऊन थांबते. बिलावर भागाचे नाव असेल तर तसे म्हणता येत नाही. काढलेला जुना भागही मागून घ्यावा. इन्व्हर्टर पद्धतीच्या नव्या एसी-फ्रिजमध्ये मात्र बिघाड अनेकदा इलेक्ट्रॉनिक पाटीत असतो आणि तिची दुरुस्ती वस्तीतल्या चांगल्या कारागिराच्याही आवाक्याबाहेर असू शकते; तो ती पाटी काढून शहरातल्या पाटी दुरुस्त करणाऱ्याकडे पाठवतो किंवा सरळ कंपनीकडे जायला सांगतो. पाटी बाहेर जाणार असेल, तर तिच्यावरचा क्रमांक बिलावर उतरवून घ्यावा, म्हणजे परत येते ती तीच आहे हे जुळवून पाहता येते.